पेटंट अर्जातली पार्श्वभूमी आणि सारांश गुंतवणूकदाराला समजेल अशा भाषेत कसा लिहायचा?

*कम्प्लीट स्पेसिफिकेशन भरून झालंय. गुंतवणूकदार दोन पानं मागतोय. एजंट म्हणतात, मजकुरातला एक शब्दही बदलू नका.*

तुमच्या एजंटचं म्हणणं फॉर्म 2 पुरतं, म्हणजे पेटंट कार्यालयात भरलेल्या मजकुरापुरतं, बरोबर आहे. गुंतवणूकदाराच्या दोन पानांपुरतं ते साफ चूक आहे. हाच वाद मी माझ्या भागीदाराशी, म्हणजे मावसभावाशी, वर्षभर घातलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं काम कांदा चाळीतल्या पंख्यांचं. पहिल्या बैठकीत आम्ही अर्जातला सारांश जसाच्या तसा दिला होता. मराठीत आणला तर तो असा होता: "साठवण कक्षातील वायुवीजनासाठीची प्रणाली, जिच्यात कक्षाच्या आत किमान एक व कक्षाबाहेर किमान एक संवेदक, तसेच त्यांना जोडलेले नियंत्रण साधन अंतर्भूत असून, सदर साधन दोन्ही ठिकाणच्या हवेतील बाष्पाच्या निरपेक्ष प्रमाणाच्या तुलनेनुसार किमान एक वायुप्रवाह साधन कार्यान्वित करते." समोरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "पंखा कधी चालतो, तेवढं सांगा." भाऊ तेच वाक्य पुन्हा वाचायला लागला. वीस मिनिटांत बैठक संपली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पैसे मोजून लिहून घेतलंय, आपण कशाला बिघडवायचं?"

सारांश असा का असतो, ते आधी लक्षात घ्या. तो बहुतेक वेळा पहिल्या क्लेमची, म्हणजे हक्क कशावर मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्याचीच, नक्कल असतो. "किमान एक", "साधन", "अंतर्भूत" हे शब्द हक्काची हद्द रुंद ठेवण्यासाठी घातलेले असतात. पंखा म्हटलं, तर उद्या कोणी ब्लोअर लावून निसटेल, म्हणून "वायुप्रवाह साधन". तो शेताचा बांध आहे. गुंतवणूकदार विचारतोय की आत पीक काय आहे. बांधाचं वर्णन सोपं केलं म्हणून पीक दिसत नाही, त्यामुळे सारांशाचं वाक्यागणिक सुलभीकरण करत बसू नका.

मी केलं ते असं. पहिला क्लेम कागदावर उतरवला आणि एकेक तुकडा खोडत गेलो. आतला संवेदक खोडला, बाहेरचा खोडला, नियंत्रण खोडलं. हे सगळं बाजारात आधीपासून मिळतं. "बाष्पाच्या निरपेक्ष प्रमाणाच्या तुलनेनुसार" हे शब्द खोडल्यावर मात्र जे उरलं ते कोणाकडेही असलेलं यंत्र होतं. म्हणजे आमचा शोध त्या चार शब्दांत होता. तुमच्या अर्जातही असा एखादा तुकडा असेल. तो सापडेपर्यंत पुढे लिहू नका.

मग तो तुकडा एका रात्रीच्या हिशेबात मांडला. पावसाळ्यात रात्री बाहेर 22 अंश आणि आर्द्रता 90 टक्के. चाळीत ढिगाच्या मध्यात 30 अंश आणि 75 टक्के. टक्के बघणारा माणूस पंखा बंद ठेवतो, कारण बाहेरची हवा जास्त दमट दिसते. पण बाहेरच्या एक घनमीटर हवेत पाणी आहे साधारण 17.5 ग्रॅम, आतल्या हवेत जवळपास 23. बाहेरची हवा ढिगात शिरून 30 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 56 टक्क्यांच्या आसपास येते, आणि ती कांद्यातली ओल घेऊन बाहेर पडते. गुंतवणूकदाराच्या पानावर याचं एकच वाक्य झालं: "दमट वाटणाऱ्या रात्रीही बाहेरच्या हवेत पाणी कमी असेल, तर आमचा पंखा चालतो, बाकीचे बंद राहतात." पुढच्या बैठकीत कोणी पंखा कधी चालतो हे विचारलं नाही. थेट विजेचं बिल विचारलं.

पार्श्वभूमीचं दुखणं वेगळं आहे. ती मुद्दाम हात राखून लिहिलेली असते. चांगला एजंट तुमचं स्वतःचं निरीक्षण पार्श्वभूमीत घालत नाही, कारण तिथे लिहिलेलं "हे आधीच माहीत होतं" अशी कबुली म्हणून तुमच्यावरच उलटू शकतं. त्यामुळे "टक्के बघून पंखा लावणं हीच मूळ चूक आहे" हे आमचं वाक्य पार्श्वभूमीत नव्हतंच. ते सविस्तर वर्णनात, नवव्या पानावर सापडलं. पार्श्वभूमीत फक्त "साठवणुकीदरम्यान नुकसान होते" एवढंच होतं. कोणाचं नुकसान, कुठल्या महिन्यात, किती रुपयांचं, काही नाही. हा भाग अर्जातून उचलू नका, नव्याने लिहा. आम्ही लिहिलं: उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, भावाची वाट बघत ऑक्टोबरपर्यंत राहतो, आणि जुलै-ऑगस्टच्या ओलीत सडतो, काजळी धरतो, शेवटी कोंब येतात. त्याखाली आमच्याच दोन खणांचं वजन दिलं. दोन्हींत 100 क्विंटल भरला होता. साध्या खणातून विकण्याजोगा 68 निघाला, आमच्या खणातून 81. एकच चाळ, एकच हंगाम, हे त्याच ओळीत लिहिलं. ते लपवलं असतं तर पुढच्या प्रश्नात उघडं पडलंच असतं.

भाऊ इथेही अडला होता. म्हणाला, "कांदाच कशाला, सगळा शेतमाल लिही, बाजार मोठा दिसेल." सोप्या भाषेतला खरा धोका हाच आहे. अर्जात "साठवण कक्ष" लिहिलंय म्हणून हद्दीत बटाटाही येतो, पण चाचणी फक्त कांद्याची आहे. म्हणून दोन वाक्यं वेगळी ठेवा: आज आम्ही काय बनवतो आणि अर्जात हक्क कशावर मागितलाय. ही दोन एकत्र केली की साधं वर्णन अर्जापेक्षा जास्त बोलू लागतं, आणि गुंतवणूकदाराचा वकील नेमकं तेच पकडतो.

अर्ज भरल्यानंतर सुचलेली सुधारणा त्या दोन पानांत अजिबात घालू नका. तिचा वेगळा अर्ज आधी करा. गुंतवणूकदार गोपनीयतेच्या करारावर सहसा सही करत नाहीत, आणि तुम्हीच उघड केलेली गोष्ट पुढे तुमच्याच अर्जाच्या नवेपणाला मारते. अर्ज प्रकाशित झाला नसेल तर क्लेमचा पूर्ण मजकूरही जोडू नका. लवकर प्रकाशनाची विनंती केली नसेल तर 18 महिने तो झाकलेलाच असतो.

आणि "पेटंटेड" लिहू नका, "पेटंटसाठी अर्ज केलेला" लिहा. मिळालेलं नसताना मिळालं म्हणणं कलम 120 खाली दंडाला पात्र आहे. प्रकाशनानंतर हक्क सुरू झाल्यासारखे असले तरी पेटंट मंजूर होईपर्यंत कोणावर दावा लावता येत नाही, हेही सांगून टाका. शिवाय स्वतःचं पेटंट म्हणजे दुसऱ्याच्या पेटंटमधून सुटका नव्हे. आपण दुसऱ्या कोणाच्या पेटंटच्या हद्दीत शिरतो का, ही तपासणी वेगळी करावी लागते, आणि आमची अजून व्हायचीय. मी वकील नाही, कलमं तुमच्या एजंटकडून तपासून घ्या.

शेवटी आमची दोन पानंही मी एजंटलाच दाखवली. भाषा कशी वाटते हे विचारलं नाही, यातलं कुठलं वाक्य अर्जाच्या पलीकडे जातं एवढंच विचारलं. त्यांनी दोन जागी पेन लावलं. "सड थांबते"चं "सड कमी होते" केलं, आणि भावाने माझ्या नकळत परत घातलेलं "सगळा शेतमाल" खोडलं.