एअरप्लेन मोड लावूनही वाय-फाय, ब्लूटूथ चालू ठेवता येतं

"पाटोद्याकडं डोंगराच्या खोलगटात घर आहे. घरात रेंज टिकत नाही, बॅटरी दुपारीच संपते. वाय-फाय मात्र चांगलं आहे. एअरप्लेन मोड लावला तर वाय-फाय आणि कानातलं ब्लूटूथ पण बंद पडेल का? फोन येतील का?"

दादा, एअरप्लेन मोडनं नक्की बंद होतो तो फोनचा टॉवरशी संबंध. दोन्ही सिमचे साधे कॉल, मेसेज, मोबाईल डेटा, सगळं थांबतं. तुमची बॅटरी खाणारी गोष्टही तीच आहे: टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीनं बोलतो, रेंज सुटली की पुन्हा पुन्हा टॉवर शोधत बसतो.

मोड लावताना वाय-फाय आणि ब्लूटूथही बहुधा सोबतच बंद होतं, पण त्यांना कुलूप लागत नाही. आधी मोड लावा, मग वरची पट्टी खाली ओढून ती दोन्ही बटणं परत चालू करा. अँड्रॉइड 11 पासून कानातलं ब्लूटूथ जोडलेलं असेल तर ते सहसा तुटतही नाही. नव्या बऱ्याच फोनांत तर तुमची ही निवड लक्षात राहते, पुढच्या वेळी वेगळं काही करावं लागत नाही. जीपीएस फक्त उपग्रहाचे संकेत ऐकतं, म्हणून तेही आजच्या फोनांत चालू राहतं.

आता कॉलचं. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल वाय-फायवर येतीलच. साध्या नंबरावरचे कॉल हवे असतील तर सेटिंगमध्ये सिमच्या पानावर `Wi-Fi calling` चालू करा. फोन आणि सिमकंपनी दोघांचीही सोय असावी लागते. मोड लावून वाय-फाय जोडा, एक-दोन मिनिटं थांबा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करा. रिंग वाजली तर काम झालं. "बंद आहे" किंवा "संपर्कक्षेत्राबाहेर" ऐकू आलं तर वाय-फाय चालू असूनही ती सोय जोडली गेलेली नाही, आणि तुम्हाला कोणाचाही साधा फोन लागणार नाही. ही तपासणी केल्याशिवाय मोड लावून ठेवू नका.

बँकेच्या ओटीपीवर मात्र विसंबू नका. वाय-फायवरून मेसेज येतो की नाही हे सिमकंपनी आणि फोनवर ठरतं. ओटीपी मागवायच्या आधीच मोड काढा आणि जिथं रेंज मिळते तिथं, गच्चीवर किंवा अंगणात, जाऊन उभे राहा. मागवल्यानंतर पळालात तर मेसेज येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

आणि आपल्याकडची खरी अडचण लाईटची. लाईट गेली की राऊटर बंद, राऊटर बंद की तुमचा फोन जगापासून पूर्ण तुटला, आणि हे तुम्हाला कळतही नाही. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. तो नसेल तर लाईट जाताच मोड काढायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शेतावर निघतानाही तेच.