व्हिडिओचे चॅप्टर यूट्यूबने ओळखले की नाही, हे कसं तपासायचं?

प्रश्न: व्हिडिओ अपलोड करून दोन दिवस झाले. वर्णनात वेळा टाकल्यात, तरी चॅप्टर दिसत नाहीत. ते यूट्यूबला सापडलेच नाहीत, की माझ्याकडून कुठं बंद झालेत? कसं ओळखायचं?

उत्तर:

आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी करून घ्या. चॅप्टर दोन वाटांनी येतात. एक, तुम्ही वर्णनात लिहिलेल्या वेळांवरून. दुसरी, यूट्यूब आपल्या आपण बनवतं ते. बंद करायची खूण फक्त दुसऱ्या वाटेला आहे. तुम्ही हातानं लिहिलेले चॅप्टर दिसत नसतील, तर स्टुडिओत बटण शोधत बसू नका. दोष बहुतेक लिहिण्यातच असतो.

कोणती वाट लागू झाली ते संगणकावर दोन मिनिटांत कळतं. व्हिडिओ क्रोममध्ये उघडा, Ctrl+U दाबून पानाचा सोर्स उघडा आणि Ctrl+F करून हे दोन शब्द एकेक करून शोधा:

```
DESCRIPTION_CHAPTERS
AUTO_CHAPTERS
```

पहिला सापडला तर तुमची यादी मान्य झाली. दुसरा सापडला तर चॅप्टर आहेत, पण यूट्यूबनं स्वतः पाडलेले. दोन्ही नसतील तर व्हिडिओला चॅप्टरच नाहीत. ही यूट्यूबची आतली नावं आहेत, उद्या बदलूही शकतात. म्हणून डोळ्यांनीही खात्री करा: चॅप्टर असले की खालची पट्टी तुकड्या-तुकड्यांत दिसते आणि वेळेच्या शेजारी चालू चॅप्टरचं नाव येतं. नुसती पट्टी पाहून मात्र फसाल, कारण आपोआपच्या चॅप्टरांनीही ती तुटकच दिसते. नावं तुम्ही लिहिलेलीच आहेत का, ते वाचा.

yt-dlp हे व्हिडिओ उतरवून घ्यायचं साधन वापरत असाल तर त्याच्यावर इथं विसंबू नका. त्याला पानावर चॅप्टर सापडले नाहीत, तर ते वर्णनातल्या वेळा स्वतःच वाचून यादी बनवून देतं. म्हणजे यूट्यूबनं नाकारलेली यादीही तिथं व्यवस्थित दिसते. मी यात अर्धा दिवस घालवलाय.

आता खरं उदाहरण सांगतो. आमचे एक काका लातूरकडं शेती करतात आणि हौसेनं व्हिडिओ टाकतात. पेरणीच्या आधी घरचं सोयाबीन बियाणं कसं तपासायचं, यावर त्यांनी ९ मिनिटांचा व्हिडिओ केला: १०० दाणे मोजायचे, ओल्या पोत्यात गुंडाळायचे, किती उगवले ते बघायचं. ७० उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. वर्णन त्यांनी असं लिहिलं होतं:

```
0:00 नमस्कार
0:08 लागणारं सामान
1.20 दाणे मोजणं
3:05 पोतं गुंडाळणं
6:40 उगवण मोजणं
```

काकांचा फोन आला, "आरं, समदं लिवलंय की, मग दिसंना कसं?" मी सोर्स तपासला. दोन्ही शब्द नव्हते. मग वर्णन उघडून बघितलं, तर चार वेळा निळ्या झालेल्या आणि 1.20 काळीच. निळी झाली म्हणजे यूट्यूबनं ती वेळ म्हणून ओळखली. काळी म्हणजे त्याच्या लेखी तो साधा मजकूर. आपण पत्रिकेवर, बसच्या वेळापत्रकावर सायं. ५.३० असं टिंब देऊनच लिहितो, तो हात इथंही तसाच चालतो. यूट्यूबला मात्र अपूर्णविरामच लागतो. आकडेही इंग्रजीच ठेवा.

टिंब बदललं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. पाचही वेळा निळ्या झाल्या, पण चॅप्टर काही आले नाहीत. म्हणजे वेळ निळी होणं आणि चॅप्टर होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चॅप्टर व्हायला आणखी तीन अटी लागतात: पहिली वेळ 0:00 हवी, वेळा चढत्या क्रमानं किमान तीन हव्यात, आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा हवा. काकांचा "नमस्कार" आठच सेकंदांचा! एका आखूड चॅप्टरपायी पूर्ण यादी अडली होती. 0:08 ची ओळ काढून टाकली, चार ओळी उरल्या. सोर्समध्ये DESCRIPTION_CHAPTERS आलं आणि पट्टीचे चार तुकडे झाले. तुमची यादीही याच क्रमानं तपासा: आधी निळ्या-काळ्या वेळा, मग शेजारशेजारच्या दोन वेळांमधलं अंतर. शेवटचा चॅप्टर व्हिडिओ संपायच्या तोंडावर सुरू होत नाही ना, तेही बघा.

हे सगळं बरोबर असूनही दिसत नसेल तर चॅनेलकडं वळा. चॅनेलवर चालू स्ट्राइक असेल, किंवा मजकूर काही प्रेक्षकांना अयोग्य ठरू शकत असेल, तर चॅप्टरची सोय मिळत नाही. तिथं वर्णन कितीही घासूनपुसून लिहिलं तरी उपयोग नाही.

आता "बंद" चा भाग. studio.youtube.com वर Content मध्ये जाऊन तो व्हिडिओ उघडा, खाली Show more दाबा आणि Automatic chapters हे शीर्षक शोधा. त्याखाली Allow automatic chapters ने सुरू होणारी एक खूण असते. खूण काढलेली असेल तर आपोआपचे चॅप्टर खरंच बंद आहेत. खूण असून AUTO_CHAPTERS सापडत नसेल, तर बंद नाहीत. यूट्यूबनं या व्हिडिओला बनवलेच नाहीत. ते प्रत्येक व्हिडिओला बनवतं असं नाही, आणि जबरदस्तीनं बनवून घ्यायचं बटणही नाही. तेव्हा हातानं लिहिणं हाच उपाय. हातानं लिहिलेली यादी मान्य झाली की ती आपोआपच्या यादीवर मात करते, खूण असो वा नसो.

खूण तुम्ही काढली नसेल आणि तरी निघालेली दिसत असेल, तर Settings मधलं Upload defaults बघा. तिथल्या Advanced settings मध्ये हीच खूण पूर्ण चॅनेलसाठी असते. चॅनेल दोघंतिघं मिळून सांभाळत असतील तर कुणीतरी ती कधीतरी काढलेली असते आणि त्यालाही आठवत नाही. ती परत लावली तरी पुढच्या अपलोडलाच लागू होईल. आधीच चढवलेल्या व्हिडिओला त्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन खूण करावी लागते.

गूगलच्या शोधात व्हिडिओखाली दिसणारे Key moments यात मिसळू नका. यूट्यूबवर चॅप्टर आले तरी गूगल ते दाखवेलच असं नाही, आणि दाखवलं तरी लगेच नाही. तिथं दिसत नाही म्हणून चांगली चाललेली यादी मोडू नका. काकांनी तेच केलं होतं: गूगलवर दिसेना म्हणून रात्री पुन्हा 0:08 ची ओळ घातली, आणि सकाळी परत फोन.