चार्जिंग होतंय, पण चित्र येत नाही : दावा कुणावर?

प्रश्न : मॅडम, दिवाळीत इथल्याच, नाशिकच्या दुकानातून १६,५०० रुपयांचा मॉनिटर घेतला. यूएसबी-सी केबलने फोन जोडला की फोन चार्ज होतो, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’. घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराला विचारलं होतं, तो ‘चालेल’ म्हणाला. आता म्हणतो, फोन बिघडलाय. सेवा केंद्रवाले म्हणतात, या पोर्टातून व्हिडिओ जातच नाही. चार्जिंग होतंय म्हणजे पोर्ट चांगलंच ना? दावा कुणावर करू, फोन कंपनीवर की दुकानदारावर?

उत्तर : फोन कंपनीला यात ओढू नका. तुमचं प्रकरण त्याने कमजोर होईल.

चार्जिंगचा आणि चित्राचा रस्ता वेगळा आहे. यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव. त्यातल्या काही पिना वीज नेतात. चित्र जायला वेगवान डेटाच्या तारा लागतात आणि ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड’ ही सोय फोनमध्ये मुळातच असावी लागते. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. त्यामुळे फोन चार्ज होतो एवढ्यावरून व्हिडिओबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउटपुट’ हे शब्द शोधा. नुसतं ‘यूएसबी २.०’ पाहून निष्कर्ष काढू नका. आयफोन १५ चा पोर्ट यूएसबी २.० वेगाचाच आहे, तरी त्यातून चित्र जातं. ते शब्द तुमच्या फोनच्या पत्रकात नसतील, तर कंपनीने न दिलेलं वचन मोडलं असं म्हणता येत नाही. तो कायद्याच्या अर्थाने ‘दोष’ नाही.

आता दुकानदार. ‘फोन बिघडलाय’ हे त्याचं म्हणणं खोडायला एक चाचणी करा आणि ती न थांबवता मोबाइलवर चित्रित करा. आधी बिल आणि मॉनिटरमागचा अनुक्रमांक दाखवा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट ‘टाइप-सी’ वर ठेवा. मग त्याच केबलने असा लॅपटॉप जोडा, ज्याच्या सी-पोर्टातून चित्र जातं हे तुम्हाला माहीत आहे. चित्र आलं, तर मॉनिटर आणि केबल दोन्ही चांगले, आणि अडचण फोनच्या क्षमतेची. नाही आलं, तर केबल बदलून पाहा, कारण नुसत्या चार्जिंगच्या केबलीत त्या वेगवान तारा नसतात. दुसऱ्या केबलनेही पडदा काळाच राहिला, तर मॉनिटर सदोष असण्याची शक्यता आहे, आणि मग बदलून किंवा दुरुस्त करून मागण्याचा मार्ग सोपा आहे.

मॉनिटर चांगला निघाला, तर सगळी मदार त्या चॅटवर आहे. तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं ते शब्दशः वाचा. ‘माझा फोन चालेल ना?’ एवढंच असेल, तर दुकानदार म्हणेल, मला वाटलं चार्जिंगचं विचारताय. हा बचाव टिकू शकतो. पण फोनचं मॉडेल लिहून ‘याचं चित्र मॉनिटरवर दिसेल ना?’ असं विचारलं असेल आणि त्यावर ‘चालेल’ आलं असेल, तर ते वस्तूच्या उपयोगाबद्दलचं खोटं कथन ठरू शकतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली ती अनुचित व्यापार प्रथा होते. शिवाय वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १६ सांगतं की, खरेदीचा हेतू विक्रेत्याला सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या हेतूला योग्य असली पाहिजे. मात्र नाममुद्रा पाहून ठरावीक मॉडेलच मागितलं असेल, तर या कलमाला अपवाद आहे आणि समोरचा वकील तो नक्की काढेल. म्हणून मुख्य भर २(४७) वर ठेवा.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. चॅटमधली ती दोन वाक्यं तारखेसह जशीच्या तशी लिहा, मॉनिटर परत घेऊन १६,५०० रुपये द्या एवढं मागा, आणि १५ दिवस द्या. तो बधला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच दुकानदार तिथेच तडजोड करतात. तरीही जमलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि मुदत, वाद उद्भवल्यापासून २ वर्षांची. मानसिक त्रासाची भरपाई मागा, पण माफक. १६,५०० च्या मॉनिटरसाठी २ लाख मागितले की आयोग तक्रारीकडेच संशयाने बघतो.

दरम्यान ‘यूएसबी-सी ते एचडीएमआय’ असा साधा अ‍ॅडॉप्टर घेऊन आणखी हजार रुपये घालवू नका. व्हिडिओ न देणाऱ्या पोर्टावर तोही गप्पच बसेल. आणि ते चॅट ज्या फोनवर आहे, तो फोन रिसेट करायला किंवा दुरुस्तीला देण्याआधी चॅटची प्रत काढून ठेवा.