7 फुटी किचनमध्ये किती लिटरचा फ्रिज?

प्रश्न : आम्ही चौघे, दोन मुलं शाळेत. सोलापुरात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. किचन 7 बाय 9, ओट्याच्या समोरच्या भिंतीला उजव्या कोपऱ्यात 26 इंच जागा आहे, तिच्या डावीकडे डब्यांचा रॅक. सिंगल डोअर पुरेल की डबल डोअर घ्यावा? दुकानदार 320 लिटरचा घ्या म्हणतोय, ऑफर आहे.

उत्तर :

ताई, 320 लिटरवाली चूक मी करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लिटर विसरा. घरी जाऊन फरशीवर खडूने फ्रिज काढा. 26 इंच म्हणजे 66 सेंटीमीटर. बाजारात 190 लिटरच्या आसपासचा सिंगल डोअर साधारण 53-54 सेंमी रुंद असतो, 240-260 लिटरचा डबल डोअर 55 ते 58. म्हणजे जमिनीवरची जागा दोघांना जवळपास सारखीच लागते, वरचे साठ लिटर उंचीत जातात. सिंगल डोअर छातीपर्यंत येतो, डबल डोअर डोक्याच्या आसपास. 300 लिटरच्या पुढे मात्र फ्रिज बहुतेक रुंदीला आणि खोलीलाही वाढायला लागतो. तुमच्यासारख्या किचनमध्ये खरी अडचण तिथे सुरू होते. उंची फुकट मिळते, फक्त वर माळा असेल तर तो कुठे येतो तेवढं बघा.

आता खोलीचा हिशोब. किचनची रुंदी 7 फूट म्हणजे 213 सेंमी. ओटा 60 गेला, उरले 153. डबल डोअर दारासकट 66-68 सेंमी खोल धरा, मागे 7 सेंमी मोकळे सोडायचे (प्लगचं डोकं आणि भिंतीची स्कर्टिंग यातच जाते). म्हणजे 75 गेले, उरला 78 सेंमीचा बोळ. दार काटकोनात उघडलं की ते साधारण 55 सेंमी बाहेर येतं, मग मागे 23 सेंमी राहतात. तुम्ही ओट्याशी पोळ्या लाटताय आणि मुलाने पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर एकाला तिरकं व्हावं लागणार. चालण्यासारखं आहे. 320 चा घेतलात तर फ्रिज 70 च्या पुढे खोल, दार 60 चं, म्हणजे मागे वीतभरही नाही. माझ्याकडे हेच झालं. आई फ्रिज उघडायची तेव्हा बायकोला किचनच्या बाहेर यावं लागायचं.

दुसरं, उजवा कोपरा. आपल्याकडच्या बहुतेक फ्रिजची बिजागरी उजवीकडे असते आणि दार डावीकडून उघडतं. उजवीकडे लगेच भिंत असली की दार 90 अंशांवर जाऊन भिंतीला टेकतं, कधी तेवढंही उघडत नाही. दार तेवढ्याने अडलं की भाजीचा ट्रे दाराच्या कडेला आपटतो आणि पूर्ण बाहेर येत नाही. आमच्या ट्रेच्या मागच्या भागात कोथिंबीर, लिंबं जायची आणि काळी होऊन सापडायची. ट्रे धुवायचा म्हणजे आख्खा फ्रिज पुढे ओढायचा.

यावर फुकटचा उपाय आहे : रॅक आणि फ्रिजची अदलाबदल करा. रॅक उजव्या कोपऱ्यात न्या, फ्रिज त्याच्या डावीकडे आणा. डब्यांचा रॅक फूटभरच खोल असतो, फ्रिज त्याच्यापुढे येतो, त्यामुळे दार रॅकच्या बाजूला मोकळं फिरतं. प्लग पॉइंट सरकवायला इलेक्ट्रिशियन लागेल, पण एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज चालवू नका. अदलाबदल जमणारच नसेल तर 66 पैकी उरणारी बहुतेक जागा उजवीकडे सोडा. आणि दुकानात उभं राहून दार फक्त काटकोनात उघडा (नवऱ्याला हात धरून थांबवायला सांगा), मग खालचा ट्रे पूर्ण बाहेर काढून बघा. काही मॉडेलांत निघतो, काहींत नाही. दुकानदार दार सताड उघडून दाखवतो, त्यावर जाऊ नका.

बाजूला मोकळी जागा का लागते, तर पूर्वी पाठीमागे काळी जाळी दिसायची, ती हल्ली बऱ्याच फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्याच्या आत असते. आतली उष्णता तिथून बाहेर पडते, म्हणून फ्रिजच्या कुशी गरम लागतात. तो बिघाड नाही. पण तिला रॅक चिकटवला किंवा वर कापडी कव्हर टाकून ते बाजूने खाली सोडलं की कॉम्प्रेसर थांबायचंच नाव घेत नाही. दोन्हीकडे निदान दोन-तीन बोटं जागा ठेवा. गॅसच्या शेजारी तर नकोच.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण मे महिन्यात पारा 43 च्या घरात जातो आणि स्वयंपाक चालू असताना किचन त्याहून तापतं. फ्रिजवरच्या माहितीच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो : ‘एन’ 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. सोलापूरला ‘टी’च घ्या, किंवा ज्याचा पल्ला ‘टी’पर्यंत जातो तो. स्टार त्यानंतर बघा. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ती चाचणी आपल्या उन्हाळ्यात झालेली नसते. एप्रिल-मेमध्ये बिल जास्तच येणार.

सिंगल की डबल, हे तुमच्या खरेदीवर ठरवा. रोज भाजी आणता, अर्धा-एक लिटर दूध, इडलीचं पीठ कधीतरी, एवढंच असेल तर 190 चा सिंगल डोअर चालतो. दुपारी लाइट गेली तर त्याच्या बर्फाच्या कप्प्यात जमलेला बर्फ थोडा वेळ थंडावा धरून ठेवतो. पण तो बर्फ बोटभर जाड व्हायच्या आत डीफ्रॉस्टचं बटण दाबावं लागतं, मग खालच्या ट्रेमधलं पाणी उपसा. मुलं शाळेत, दोघंही कामावर असाल तर हे राहून जातं, आणि सुरीने बर्फ खरवडताना कॉइलला भोक पडलं की गॅस गेला.

आठवड्याची भाजी एकदम येत असेल, रविवारचं मटण उरत असेल, उन्हाळ्यात पाण्याच्या पाच-सहा बाटल्या आत लागत असतील, तर 240 ते 260 चा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर. बर्फ साचत नाही, कारण आत पंखा थंड हवा फिरवतो आणि हीटर अधूनमधून बर्फ वितळवतो. त्या हवेने उघड्यावर ठेवलेला भात वाळतो, कोथिंबीर मान टाकते, म्हणून सगळं झाकून ठेवायची सवय लावावी लागेल. शेंगाचटणी आणि कडक भाकरीला फ्रिज लागत नाही, तेवढी जागा वाचली!

लेबलवर दोन आकडे असतील तर एकूण क्षमता सोडून प्रत्यक्ष साठवणीचा आकडा वाचा. मग घरातलं कणकेचं सर्वांत मोठं पातेलं टेपने मोजून दुकानात जा आणि दोन कप्प्यांमधली उंची बघा.

तुमचं वर्णन वाचून मी तरी 250 च्या आसपासचा, 56 सेंमीच्या आत रुंदीचा डबल डोअर घेईन. घेण्याआधी बिल्डिंगचा जिना आणि घराच्या दाराची चौकट मोजा. खोका फ्रिजपेक्षा मोठा असतो, तो खालीच उघडायला लावा. जिन्यात फ्रिज आडवा करावा लागला तर उभा करून चार-पाच तास तसाच राहू द्या, मगच प्लग लावा.