पेनिसिलिन आणि लसीकरणाचं कार्ड: इम्युनॉलॉजी टांगायच्या दोन खुंट्या

प्रश्न: दादा, पुण्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी आणि इम्युनोडेफिशियन्सीच्या याद्या दर वेळी पाठ करतो, पण व्हायव्हात टाइप टू आणि थ्रीची हमखास गल्लत होते. उदाहरणांसकट पटकन आठवेल अशी गटवारी सांगाल का?

उत्तर:

मीही 'ए-सी-आय-डी' घोकून व्हायव्हाला गेलो होतो. चारही नावं धाडधाड म्हटली, तर बाईंनी विचारलं, "पेनिसिलिनची रिॲक्शन कुठल्या टाइपची?" मी म्हणालो टाइप वन. त्यांना हवं होतं "चारही". तेव्हापासून जेल आणि कूम्ब्स यांची १९६३ची वर्गवारी मी या एकाच औषधावर टांगून ठेवली आहे.

पेनिसिलिनचा रेणू इतका लहान की एकट्याने तो प्रतिकारसंस्थेला दिसतच नाही. प्रथिनाला चिकटला की दिसतो, म्हणजे हा हॅप्टेन. इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठलं, घसा आवळला, बीपी पडलं, तर मास्ट सेलवर बसलेल्या आयजीईने काम केलंय: टाइप वन. मोठे डोस शिरेतून बरेच दिवस चालू आहेत आणि हिमोग्लोबिन घसरतंय, डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह आहे, तर औषध लाल पेशीला चिकटलं आणि आयजीजी त्या पेशीवर येऊन बसलं: टाइप टू. साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ असेल, तर औषध आणि अँटिबॉडीची जोडगोळी रक्तातून फिरत रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकली: सीरम सिकनेस, टाइप थ्री. आणि रोज औषध हाताळणाऱ्या नर्सच्या हातांवर एक-दोन दिवसांनी खाजरा एक्झिमा उमटला, तर तिथे अँटिबॉडी नाहीच, टी सेल आहेत: टाइप फोर.

टू आणि थ्रीची गल्लत सगळ्यांचीच होते, कारण दोन्हीकडे आयजीजी आणि कॉम्प्लिमेंट असतात. तू फक्त एवढंच विचार: अँटिजेन एका जागी बसलंय की तरंगतंय? किडनीच्या स्लाइडवर हे डोळ्यांनी दिसतं. गुडपाश्चरमध्ये अँटिजेन बेसमेंट मेम्ब्रेनचंच असतं, म्हणून इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये सलग रेघ येते. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या नेफ्रायटिसमध्ये मात्र दाणे दाणे दिसतात. गंमत म्हणजे त्याच स्ट्रेप्टोकोकसमुळे होणारा ऱ्हुमॅटिक फिव्हर टाइप टूमध्ये जातो, कारण तिथे अँटिबॉडी थेट हृदयाच्या ऊतींवर बसतात. ही जोडी परीक्षकांची लाडकी आहे.

सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं. ते दिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी येणारा सीरम सिकनेस हे टाइप थ्रीचं नितळ उदाहरण. पण पहिल्या काही मिनिटांतली रिॲक्शन बऱ्याचदा आयजीईशिवायच होते, तिथे डोळे झाकून टाइप वन लिहू नकोस.

इम्युनोडेफिशियन्सीसाठी बाळाचं लसीकरणाचं कार्ड समोर धर. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी आणि पोलिओचे थेंब देतात. दोन्ही जिवंत लसी, म्हणजे निसर्गाने घेतलेली तोंडी परीक्षाच. बीसीजीला आवरायला टी सेल आणि मॅक्रोफेज लागतात. म्हणून 'स्किड'च्या बाळात बीसीजी अंगभर पसरतो, जोडीला तोंडात बुरशी, न थांबणारे जुलाब, न वाढणारं वजन. फॅगोसाइटचा दोष असलेल्या सीजीडीमध्येही बीसीजीची गाठ चिघळते, पण पुढे स्टॅफिलोकोकसचे गळू आणि ॲस्परजिलस येतात. निदान डीएचआर टेस्टने. कॉम्प्लिमेंटच्या सी-फाइव्ह ते सी-नाइनचा दोष या कार्डावर दिसत नाही. तो मुलगा मोठेपणी पुन्हापुन्हा मेनिंगोकोकसचा मेनिंजायटिस घेऊन येतो.

आता एक केस सोडवू. नऊ महिन्यांचा मुलगा, तीन महिन्यांत दोनदा न्यूमोनिया, कान वाहतोय. बीसीजीचा व्रण व्यवस्थित. मामाचा लहानपणीच न्यूमोनियाने मृत्यू. घशात टॉन्सिल दिसतच नाहीत. बीसीजी नीट भरला, म्हणजे टी सेलची बाजू बहुधा ठीक. जंतू पू करणारे, म्हणजे अँटिबॉडी किंवा फॅगोसाइट. सहा महिन्यांपर्यंत ठणठणीत होता, कारण वारेतून आलेलं आईचं आयजीजी पुरत होतं. ते संपलं आणि आजारपण सुरू झालं. म्हणजे बी सेल. मामाचा धागा एक्स क्रोमोसोमकडे नेतो: ब्रूटन, दोष बीटीके जनुकात.

इथे घसरायची एक जागा आहे. आयजीजी कमी आलं एवढ्यावर ब्रूटन लिहू नये. काही बाळांत ते नुसतं उशिरा तयार होतं, पण त्यांच्या रक्तात बी सेल असतात. ब्रूटनमध्ये फ्लो सायटोमेट्रीवर सीडी-नाइन्टीन पेशी जवळपास नसतातच. मोठ्या वयात बी सेल असूनही अँटिबॉडी कमी असतील, तर सीव्हीआयडीचा विचार कर.

व्हायव्हात पुढचा प्रश्न उपचाराचा येतो. नियमित इम्युनोग्लोब्युलिन, हे सगळे सांगतात. पोलिओचे तोंडी थेंब या मुलाला बंद, कारण लसीतला विषाणूच त्याला पोलिओ करू शकतो, हेही काही जण सांगतात. घरातल्या भावंडांनाही थेंबांऐवजी इंजेक्शनच द्यायचं, कारण त्यांच्या विष्ठेतून तो विषाणू याच्यापर्यंत पोहोचतो, हे सहसा कुणी सांगत नाही.