ट्युटोरियल वाचायला कुणी गेम उघडत नाही

प्रश्न: मी पहिलाच मोबाईल गेम बनवतोय. पहिल्या पाच मिनिटांत नवीन खेळाडूला कंट्रोल शिकवून टिकवायचं कसं? ट्युटोरियल किती मोठं ठेवू?

उत्तर:

ट्युटोरियल नावाचा वेगळा भाग ठेवूच नका. यावरून सांगलीतल्या एका गेमच्या मालकांशी माझं बरंच वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेम होता कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीचा. फोन उभा धरायचा. स्क्रीनच्या उजव्या भागावर अंगठा दाबून धरला की होडी उजवीकडं, डाव्या भागावर धरला की डावीकडं. नुसता टॅप नाही, दाबून धरायचं. शिकवायचं ते एवढंच. पण मालकांनी सुरुवातीलाच पॉपअपची रांग लावायला सांगितली: वळायचं कसं, नाणी कशाला, दुकान कुठं, रोजचं बक्षीस कधी. "अरे, समजावून सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसं?" हे त्यांचं पालुपद.

विश्रामबागला माझ्या मामेभावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बदलून होईपर्यंत ताटकळलेल्या गिऱ्हाइकांच्या हातात मी गेमचा फोन द्यायचो आणि बाजूला बसून त्यांचा अंगठा बघायचो. 'पुढे'चं बटण प्रत्येक पॉपअपवर एकाच जागी होतं. दुसऱ्या पॉपअपपासून अंगठा तिथंच टकटक करायचा, वरच्या मजकुराकडं नजरसुद्धा जायची नाही. मग होडी सुटली की हेच लोक टॅप करत राहायचे, होडी किंचित हलायची आणि काठावर जाऊन आदळायची. कॉलेजच्या एका पोरानं विचारलं, "दादा, ही वळत का नाही?" वळायचं कसं ते सांगणारा पॉपअप त्यानं नुकताच स्वतःच्या अंगठ्यानं घालवला होता.

आकडे मात्र झकास दिसत होते. खेळाडू काय करतो ते नोंदवणाऱ्या फायरबेसमध्ये `tutorial_begin` आणि `tutorial_complete` या इव्हेंटचे आकडे जवळपास सारखेच. मालक तेच पुढं करायचे. पण शेवटच्या पॉपअपवर 'पुढे' दाबलं की आमचा `tutorial_complete` जात होता, वाचलं असो वा नसो. म्हणून मी वेगळा इव्हेंट टाकला: कुठलीही खूण न दाखवता खेळाडू दोनदा नीट वळला तरच तो जाणार. बहुतेकांकडून तो आलाच नाही. शिकणं मोजायचं असेल तर असंच मोजा.

मग मी सुरुवात बदलली. गेम उघडला की होडी प्रवाहाबरोबर आपोआप संथ चाललेली. समोर वाळूचं बेट, डावी बाजू बंद, वाट फक्त उजवीकडं. उजवीकडं पहिल्यांदा, कारण बऱ्याच जणांचा अंगठा तिथंच असतो. खेळाडूनं तीन सेकंद काहीच केलं नाही किंवा नुसतं टॅप केलं, तरच दाबून धरलेल्या अंगठ्याचं फिकट चित्र दिसणार. बेटाला धडकला तर होडी मागं सरकते आणि पुन्हा पुढं येते, 'गेम ओव्हर' नाही. पुढच्या बेटाला वाट डावीकडं. डावा भाग आम्ही मधल्या रेषेपलीकडं थोडा वाढवला, म्हणजे एका हातात धरलेल्या फोनवरही उजवा अंगठा पोचतो. तिसऱ्या ठिकाणी लांबलचक वळण, तिथं अंगठा धरून ठेवल्याशिवाय निभावच नाही. त्यानंतर दुसरी होडी येते आणि तिथून पुढं हरता येतं.

ही युक्ती माझी नाही. २००९ च्या प्लँट्स व्हर्सेस झोंबीजची पहिली लेव्हल काढून बघा: हिरवळीची एकच पट्टी आणि लावायला एकच झाड. चुकायला जागाच ठेवलेली नाही.

या सुरुवातीनं दुकानातली माणसं न विचारता वळायला लागली. मालकांनी ती स्वीकारली, पण पहिली शर्यत संपायच्या आतच नाण्यांचा पॉपअप परत घातला आणि लोक नेमके तिथंच फोन परत द्यायला लागले. नाणी, लॉगिन, दुकान हे सगळं पहिल्या शर्यतीनंतर. नोटिफिकेशनची परवानगीही तेव्हाच मागा. अँड्रॉइड १३ पासून ती खेळाडूला विचारावी लागते, आणि दोनदा नकार मिळाला की सिस्टीम तो प्रश्न पुन्हा दाखवत नाही. गेम काय आहे हे कळायच्या आधी विचारलंत तर नकारच मिळणार.

एक मात्र आहे: पत्त्यांचा किंवा डावपेचांचा गेम असेल तर थोडा मजकूर लागेलच, सगळे नियम नदीसारखे दाखवता येत नाहीत. तिथंही एक नियम, एक ओळ, आणि तो वापरायची वेळ आली की लगेच. आणि टिकवायचं म्हणाल तर पाच मिनिटांनंतर काय आहे यावरही ते अवलंबून, त्यावर मी इथं बोललेलो नाही.

तुमचा गेम अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि तो अडला तरी "दाबून धर" असं सांगू नका. मालक दुकानात एकदाच आले होते, तेव्हा प्रत्येकाला तेच सांगत बसले.