माहिती अधिकारात रस्त्याचा हिशोब: आकडा नको, मोजमाप पुस्तक मागा

प्रश्न: नगरपरिषदेला विचारलं की आमच्या वॉर्डातल्या रस्त्यांच्या दुरुस्तीवर पाच वर्षांत किती खर्च झाला. उत्तर एका ओळीचं, 'वॉर्डनिहाय माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही'. हे खोटं बोलतायत का?

खोटं नसेलही, आणि तिथेच गंमत आहे. नगरपरिषदेत कागद वॉर्डाच्या नावाने ठेवत नाहीत, कामाच्या नावाने ठेवतात. 'मारुती मंदिर ते जुना नाका रस्ता डांबरीकरण करणे' असं कामाचं नाव असतं आणि फाईल, वर्क ऑर्डर, बिल सगळं त्या नावावर चालतं. त्यात निवडणुकीला प्रभागरचना बदलली की जुना वॉर्ड ४ कुठल्या प्रभागात गेला हे ऑफिसातल्या माणसालाही नकाशा काढूनच बघावं लागतं. शिवाय कायद्यात जी माहिती रेकॉर्डवर आहे तीच द्यायची असते, तुमच्यासाठी बेरजा करून नवीन तक्ता बनवून द्यायचं बंधन नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हे स्पष्टच केलंय. म्हणजे 'किती खर्च झाला' विचारलं की तुम्हीच त्याला पळवाट दिली.

अर्ज दोन टप्प्यात करा. पहिल्यात फक्त बांधकाम विभागाचं कामांचं रजिस्टर मागा, अमुक आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या रस्ते दुरुस्तीच्या कामांची नोंद असलेली पानं. त्यात तुमच्या गल्लीची कामं नावानिशी सापडतील, मग त्यातलं एक निवडून दुसरा अर्ज. आणि तुमचा रस्ता त्यात नसेलच तर तो कदाचित सार्वजनिक बांधकाम विभागाने केलाय, आमदार निधीतली बरीच कामं तिकडून होतात. अशा वेळी माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो, 'आमच्याकडे नाही' म्हणून हात झटकायचे नसतात.

प्रश्न: कामाचं नाव मिळालं. आता नेमके कोणते कागद मागू? एक जण म्हणाला सगळंच मागून टाका.

सगळं मागू नका. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एक अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. पंधरा मुद्दे टाकले की तो पहिल्या विषयाचं उत्तर देतो आणि बाकीचं वेगळ्या अर्जाने मागा म्हणतो, आणि त्याचं चूक नाही. मी असा लिहीन:

'(कामाचं पूर्ण नाव, वर्ष) या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: १) अंदाजपत्रक २) कार्यादेश ३) मोजमाप पुस्तकातील संबंधित सर्व पाने ४) अदा केलेली सर्व देयके ५) गुणवत्ता चाचणी अहवाल ६) डांबर खरेदीची चलने.'

संपलं. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'का', 'कोण जबाबदार', 'कारवाई का केली नाही' हे शब्द अर्जात येऊच देऊ नका, 'का' चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे असं मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय. कारणं तुम्हाला कागदातूनच कळतात.

यातला खरा ऐवज मोजमाप पुस्तक, ज्याला ऑफिसात सगळे एमबीच म्हणतात. बिल एमबीवरून बनतं. अंदाजपत्रक म्हणजे काय करायचं ठरलं होतं, एमबी म्हणजे जागेवर काय झालं असं इंजिनिअरने सहीनिशी लिहिलंय. नुसतं बिल घेऊन लोक खूश होतात पण बिलावरून काही पकडता येत नाही हो.

प्रश्न: ४१० पानांचे ८२० रुपये भरा असं पत्र २६ व्या दिवशी आलं. घाबरवतायत की खरंच एवढे लागतात?

दर बरोबर आहे, पानाला दोन रुपये. पण ४१० पानात निविदेच्या छापील अटी वगैरे भरताड असण्याची शक्यता जास्त. पैसे भरायच्या आधी जाऊन फाईल बघा. अर्जात 'अभिलेख पाहणी' मागता येते, पहिला तास फुकट, हवी ती पानं चिठ्ठी लावून ठेवा आणि तेवढ्याचेच पैसे भरा, बहुतेक वेळा पन्नासेक पानात काम भागतं. नाहीतर सोमवारी जा, दुपारी ३ ते ५ अर्ज न करता रेकॉर्ड बघू देण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर २०१८ चा आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. गेटवर 'असं काही नसतं' म्हणतात म्हणून शासन निर्णयाची प्रिंट खिशात ठेवा.

एक लक्षात ठेवा, पत्र निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस माहिती द्यायच्या ३० दिवसांच्या मुदतीत मोजत नाहीत, म्हणजे तुम्ही रेंगाळलात तर घड्याळ तुमच्यामुळे थांबलंय.

प्रश्न: एमबीची पानं आली पण आकडे बघून डोकं गरगरतं. लांबी २००, रुंदी ६, जाडी ०.०३०. यातून काय कळणार?

सगळं यातूनच कळतं. मीटरमध्ये आहे ते, म्हणजे २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३० मिलिमीटर जाड डांबरी थर. गुणाकार करा, ३६ घनमीटर. रोलर फिरून दबलेला डांबरी माल घनमीटरला साधारण २.३ टन भरतो, म्हणजे जवळपास ८३ टन माल. एका डंपरमध्ये १६ टन धरले तर पाच-सहा गाड्या आल्या असल्या पाहिजेत. गल्लीत काम चालू होतं त्या दिवशी दोनच गाड्या आल्या असं चार घरांतले लोक सांगत असतील तर विषय आहे. आता डांबर, मालाच्या पाच टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे चार टनांहून थोडं जास्त. चलनं दीड टनाची असतील किंवा चलनाची तारीख काम संपल्यानंतरची असेल तर एमबी आणि चलन यातलं एक तरी गडबड आहे. (डांबराचं नेमकं प्रमाण मिक्सप्रमाणे बदलतं, ते अंदाजपत्रकात असतं, तिथलंच घ्या.)

मग टेप घेऊन रस्त्यावर जा. दर वीस मीटरला रुंदी मोजून सरासरी काढा. चौकात रस्ता रुंद असतो, तिथली सहा मीटर रुंदी अख्ख्या लांबीला लावायची ही अगदी जुनी खोड. समजा सरासरी ५ मीटर निघाली, तर थर ३० घनमीटरचाच झाला आणि सहा घनमीटरचे पैसे रस्त्यावर न पडताच गेले. जाडी मात्र नुसत्या डोळ्याने सांगू नका, कडेला बघितलं की थर पातळच वाटतो. जाडीसाठी कोअर म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल तुकडा काढतात, तो अहवाल तुम्ही मागितलेलाच आहे, आणि मालाचा प्रमाणित नमुना मागायचा हक्कही कायद्याच्या कलम २ मध्ये आहे.

खड्डे बुजवायच्या कामाची एमबी असेल तर प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली वेगळी लिहिलेली हवी. चाळीसच्या चाळीस खड्डे १ बाय १ चे असतील तर ते टेबलावर बसून मोजलेत. पण तीन वर्षांपूर्वीचे खड्डे आज जाऊन तपासता येत नाहीत, तिथे फक्त एवढं बघा की तो रस्ता दोषदायित्व कालावधीत होता का. असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची होती आणि तिचं वेगळं बिल निघायलाच नको होतं. हा कालावधी कार्यादेशात किंवा निविदेत सापडतो.

प्रश्न: ३० दिवस उलटले, काहीच आलं नाही.

मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प, त्याच नगरपरिषदेच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्यात एवढंच लिहा की मुदतीत उत्तर नाही, आता माहिती फुकट द्यावी लागेल, कलम ७(६). अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं पण तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून मी तरी ते करतानाच त्या कामाचा पाहणीचा नवीन अर्ज टाकून ठेवतो, बऱ्याचदा कागद तिकडूनच आधी हातात येतात.